दोन थर डोळ्यांसमोर, गणित मात्र म्हणते एकच द्रावण: एका स्थिरांकाच्या प्रतिमानातला नेहमीचा बिघाड

दोन द्रवांच्या अनादर्श मिश्रणाचे गणित एकाच आंतरक्रिया स्थिरांकावर मांडलेले असते आणि ते प्रयोगाशी जुळत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या वह्या आणि स्प्रेडशीट मी गेली अनेक वर्षे तपासत आलो आहे. चूक प्रत्येकाला नवी वाटते, पण ती बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडते. म्हणून आधी लक्षणे सांगतो आणि मग तपासण्या त्याच क्रमाने देतो ज्या क्रमाने मी स्वतः करतो: कागद-पेन्सिलीने होणाऱ्या आधी, नमुना आणि उपकरण लागणाऱ्या नंतर.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की नळीत दोन स्वच्छ थर दिसत असताना संगणकाचे उत्तर दोन्ही थरांसाठी एकच संघटन देते, बहुधा नेमके ०.५ आणि ०.५. दुसरे लक्षण म्हणजे मिसळण्याची मुक्त ऊर्जा सर्व प्रमाणांना ऋण येते, त्यावरून द्रव पूर्ण मिसळतात असा निष्कर्ष काढला जातो आणि प्रयोग तो खोटा ठरवतो. तिसरे लक्षण बाष्पदाबाच्या आलेखात दिसते: घटकाचे प्रमाण वाढत असताना त्याचा आंशिक दाब आधी वाढतो, मध्येच उतरतो आणि पुन्हा चढतो. क्वचित याच्या उलटही घडते, म्हणजे गणित दोन थर सांगते आणि बाटलीत निवळशंख एकच द्रव असतो.

प्रतिमान कोणते ते स्पष्ट असावे म्हणून सूत्रे लिहितो. या रूपाचे मूळ मॅक्स मार्गुलेस यांच्या १८९५ च्या कामात आहे.

```
G_E/(RT)   = A*x1*x2          A = W/(RT)
ln(gamma1) = A*x2^2           ln(gamma2) = A*x1^2
G_mix/(RT) = x1*ln(x1) + x2*ln(x2) + A*x1*x2
```

यात x1 आणि x2 हे दोन द्रवांचे मोल-अपूर्णांक, gamma1 आणि gamma2 हे त्यांचे सक्रियता गुणांक, W हा आंतरक्रिया स्थिरांक, R हा वायू स्थिरांक आणि T हे केल्व्हिनमधले तापमान. पहिली ओळ अतिरिक्त मुक्त ऊर्जेची आहे. आदर्श द्रावणापेक्षा मिश्रणाची मुक्त ऊर्जा किती जास्त किंवा कमी आहे, ते ती सांगते. W धन असणे म्हणजे वेगवेगळ्या रेणूंचे शेजारपण सारख्या रेणूंच्या शेजारपणापेक्षा ऊर्जेच्या हिशेबात महाग पडणे. पुढच्या सर्व तपासण्यांसाठी मी एकच उदाहरण घेतो: W = ६२०० जूल प्रति मोल, तापमान २५ अंश सेल्सियस, म्हणजे २९८.१५ केल्व्हिन. तेव्हा RT सुमारे २४७९ जूल प्रति मोल होतो आणि A ची किंमत २.५० येते.

तपासणी पहिली: एकके आणि लॉगॅरिथम

याला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही, म्हणून इथूनच सुरुवात करावी. जुन्या तक्त्यांत W कॅलरीत दिलेला असतो. वरची किंमत कॅलरीत सुमारे १४८२ होते, आणि ती तशीच उचलून ८.३१४ या जूलमधल्या R ने भागली तर A केवळ ०.६० येतो. इतक्या लहान A ला दोन थर पडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि संगणकही अगदी प्रामाणिकपणे एकच द्रावण सांगतो.

लॉगॅरिथमचा पाया हा त्याच जातीचा सापळा आहे. तक्ता दहाच्या पायाच्या लॉगॅरिथमवर आधारलेला असेल तर त्यातला स्थिरांक २.३०३ पटीने लहान असतो: आपल्या उदाहरणात २.५० ऐवजी १.०९. शिवाय स्प्रेडशीटमध्ये `LOG` हे दहाच्या पायाचे आणि `LN` हे नैसर्गिक लॉगॅरिथम, तर पायथनमध्ये `math.log` हेच नैसर्गिक असते; एका ठिकाणचे सूत्र दुसरीकडे उतरवताना हा फरक नजरेतून सुटतो. आदर्श मिश्रणाच्या पदात चुकून दहाचा पाया आला तर ते पद २.३०३ पट दुबळे होते, अतिरिक्त मुक्त ऊर्जा नको तितकी वरचढ ठरते आणि नसलेले दोन थर कागदावर उमटतात. उलट प्रकारच्या तक्रारीत मी हेच आधी पाहतो.

याच टप्प्यावर x हा मोल-अपूर्णांकच आहे ना, हेही पाहावे. वजनाने २९ टक्के मेथॅनॉल आणि ७१ टक्के सायक्लोहेक्झेन असे मिश्रण मोलच्या हिशेबात ०.५२ आणि ०.४८ असते. रेणूंच्या वजनात इतके अंतर असताना वजनाचे टक्के सूत्रात घातले, तर एरवी बरोबर असलेला A सुद्धा निरुपयोगी ठरतो.

तपासणी दुसरी: A दोनच्या वर आहे का, आणि तो कोणत्या तापमानाचा आहे

या प्रतिमानात अंशतः मिसळण्याची सुरुवात ठरवणारा आकडा एकच आहे, आणि तो आहे २. मुक्त ऊर्जेच्या वक्राचे दुसरे विकलन 1/(x1*x2) - 2A इतके येते. पहिले पद मध्यावर, म्हणजे ०.५ ला, सर्वांत लहान असते आणि तिथे त्याची किंमत ४ असते. म्हणून A दोनपेक्षा कमी असेल तर वक्र सर्वत्र वाटीसारखा राहतो, आणि A दोनच्या वर गेला की मध्यावर उंचवटा येतो. पडताळ्यासाठी आणखी एक सोपी खूण आहे: अनंत विरल अवस्थेतील सक्रियता गुणांकाचा नैसर्गिक लॉगॅरिथम म्हणजेच A असल्यामुळे, तो गुणांक ७.३९ च्या वर गेला की या प्रतिमानानुसार द्रव फुटायला हवेत.

आता मला सर्वाधिक वेळा दुरुस्त करावी लागलेली चूक सांगतो. एका विद्यार्थ्याने ३९० केल्व्हिनला घेतलेल्या बाष्प-द्रव समतोलाच्या मोजमापांवर वक्र बसवला होता आणि त्यातून त्याला A = १.९१ मिळाला होता. वक्र उत्तम बसला होता, गणितात कुठे चूक नव्हती. पण तोच १.९१ त्याने २५ अंशांच्या गणितात घातला, आणि दोनच्या आतला आकडा असल्यामुळे उत्तर एकच द्रावण आले. A मध्ये तापमान आधीच मुरलेले असते, हे तो विसरला होता. १.९१ ला ८.३१४ आणि ३९० ने गुणले की W सुमारे ६२०० जूल येतो; तो W २९८.१५ केल्व्हिनला वापरला की A २.५० होतो, आणि टेबलावरच्या नळीतले दोन थर गणितातही दिसू लागतात. क्रांतिक तापमान W/(2R) या सूत्राने सुमारे ३७३ केल्व्हिन येते. त्याच्या वर एकच द्रावण, खाली दोन थर. त्याची मोजमापे त्या तापमानाच्या वरची होती आणि प्रश्न खालचा होता, एवढाच सगळा घोटाळा.

इथे एक सावधगिरी हवी. W तापमानानुसार बदलत नाही हे गृहीतक आहे, निसर्गाचा नियम नव्हे, आणि ९० अंशांची झेप ही त्या गृहीतकाच्या दृष्टीने लांबची झेप आहे. मिसळताना उष्णता किती शोषली जाते याची मोजमापे हाताशी असतील तर W ची त्यांवरून पडताळणी करावी: W खरोखर स्थिर असेल तर मिसळण्याची उष्णता W*x1*x2 इतकीच, म्हणजे आपल्या उदाहरणात समान मोल मिसळल्यास १५५० जूल प्रति मोल, आली पाहिजे. मोजलेली उष्णता याहून फार वेगळी असेल तर एका तापमानाचा W दुसऱ्या तापमानाला नेऊ नये.

तपासणी तिसरी: मुक्त ऊर्जेचे चिन्ह नव्हे, वक्राचा आकार पाहावा

मुक्त ऊर्जा ऋण, म्हणून द्रव मिसळले, हे विधान इतके सवयीचे झाले आहे की त्यावर शंका घ्यायला कोणी तयार नसते. आपल्या उदाहरणातील आकडेच ती शंका उभी करतात. समान मोल घेतल्यास आदर्श मिश्रणाचे पद -०.६९३ आणि अतिरिक्त पद +०.६२५ येते, बेरीज -०.०६८ (सर्व आकडे RT च्या पटीत). बेरीज ऋण आहे, म्हणजे पूर्ण वेगळ्या शुद्ध द्रवांपेक्षा हे एकजीव मिश्रण निश्चितच बरे. पण तेवढ्याने तुलना संपत नाही. ०.१४५ या संघटनाला तीच मुक्त ऊर्जा -०.१०४ येते, आणि सममितीमुळे ०.८५५ लाही तेवढीच. म्हणजे ०.५ चे मिश्रण या दोन संघटनांच्या थरांत निम्मे-निम्मे फुटले तर मुक्त ऊर्जा -०.०६८ वरून -०.१०४ वर उतरते. मिश्रण तो मार्ग का सोडेल?

थोडक्यात, एकजीव मिश्रणाची तुलना शुद्ध द्रवांशी करून भागत नाही. शक्य असलेल्या प्रत्येक विभागणीशी ती करावी लागते. वक्राला दोन ठिकाणी स्पर्श करणारी एकच सरळ रेषा काढणे म्हणजे हीच तुलना एका झटक्यात करणे. या प्रतिमानात वक्र मध्याभोवती सममित असल्यामुळे ती रेषा आडवी असते आणि वक्राचे दोन तळ हेच दोन थरांचे संघटन ठरते. मध्यावर मुक्त ऊर्जा धन व्हायला A २.७७ च्या वर जावा लागतो; म्हणजे २ ते २.७७ या पट्ट्यात चिन्ह पाहणारा माणूस दर वेळी फसणार.

म्हणून x च्या शंभर किमतींना मुक्त ऊर्जा काढून आलेख समोर ठेवावा. मध्यावर उंचवटा दिसला तर प्रतिमान आपले काम करते आहे आणि दोष उत्तर शोधण्याच्या पद्धतीत आहे. एवढे करताना आपल्या मिश्रणाचे एकूण प्रमाणही आलेखावर टिंबाने दाखवावे, कारण ते ०.१४५ आणि ०.८५५ च्या बाहेर, समजा ०.१० ला असेल, तर A कितीही पटणारा असला तरी एकच थर दिसणे हेच बरोबर उत्तर आहे.

उंचवट्याचे एक टोक २.५० च्या A साठी ०.२७६ ला आणि दुसरे ०.७२४ ला येते, आणि या दोन वळणबिंदूंना अनेकजण थरांची संघटने समजतात. ती थरांची संघटने नव्हेत. त्या दोन बिंदूंच्या आत मिश्रण क्षणभरही टिकत नाही, तर ०.१४५ ते ०.२७६ या पट्ट्यात ते काही काळ एकजीव राहू शकते आणि धक्का लागल्यावर किंवा वेळ गेल्यावर फुटते. थंड करताना द्रव उशिरा गढूळ होतो तो यामुळेच. अशा वेळी एका नजरेवर विसंबून निष्कर्ष काढू नये. बाष्पदाबाच्या आलेखातला उलटा उतारही याच आतल्या पट्ट्यातला असतो. ०.२७६ ला सक्रियता, म्हणजे x आणि gamma यांचा गुणाकार, १.०२ पर्यंत चढते, म्हणजे शुद्ध द्रवापेक्षाही जास्त, आणि ०.७२४ ला ०.८८ पर्यंत उतरते. प्रत्यक्षात त्या जागी दोन थर असतात आणि दाब सपाट रेषेत जातो.

तपासणी चौथी: सुरुवातीचा अंदाज

A दोनच्या वर आहे, आलेखात उंचवटा आहे, तरीही उत्तर ०.५ आणि ०.५ येते, असे असेल तर दोष बहुतेक इथेच असतो. दोन थरांत प्रत्येक घटकाची सक्रियता समान हवी, या अटीला दोन्ही थर एकसारखे असणे हे उत्तरही बिनतक्रार चालते. समीकरण तेही बरोबर म्हणते, आणि न्यूटनच्या पद्धतीला मधून सुरुवात दिली तर ती त्याच निरर्थक उत्तरावर जाऊन बसते. उपाय सोपा आहे: सुरुवात कडेवरून करावी.

```
from math import exp
A = 2.5
x = 0.01
for i in range(200):
    x = 1/(1 + exp(A*(1 - 2*x)))
print(x, 1 - x)
```

हातानेही चार पायऱ्या करून पाहाव्यात: ०.०१ वरून ०.०७९, मग ०.१०९, मग ०.१२४, मग ०.१३२, आणि हळूहळू ०.१४५. या पद्धतीचा मला आवडणारा गुण असा की प्रत्येक पायरीला उत्तरातली चूक ज्या पटीने बदलते ती पट 2A*x*(1-x) इतकी असते, आणि ती एकापेक्षा कमी असणे हीच द्रावण स्थिर असण्याची अटही आहे. ०.१४५ ला ती ०.६२ येते, म्हणून चूक आटत जाते, ०.५ ला ती १.२५ येते, म्हणून ०.४९ पासून निघालो तरी पायऱ्या मध्यापासून दूरच जातात. नेमके ०.५ दिले तर मात्र गणित तिथेच अडकून बसते. A दोनपेक्षा कमी असेल तर कुठूनही निघा, उत्तर ०.५ वरच येते, आणि तेव्हा त्याचा अर्थ खरोखर एकच द्रावण असा होतो.

A दोनच्या अगदी जवळ असल्यास दोनशे पायऱ्या कदाचित पुरणार नाहीत, कारण ती पट एकाला चिकटते. शिवाय त्या भागात उत्तर विलक्षण नाजूक असते: A २.०० असताना दोन थरांच्या संघटनांमधली दरी शून्य, आणि २.०५ झाला की ती ०.३६६ पासून ०.६३४ पर्यंत उघडते. A मधील अडीच टक्क्यांची अनिश्चितता इथे थर पडणार की नाही हेच बदलते.

उत्तर मिळाल्यावर दोन्ही थरांतली सक्रियता काढून पाहावी. पहिल्या घटकाची सक्रियता ०.१४५ च्या थरात ०.९० येते आणि ०.८५५ च्या थरातही ०.९०. संघटनांत सहापटीचे अंतर आणि सक्रियता एकच, हे एकदा स्वतः हाताने काढलेले बरे. पुढे उत्तर खरे की खोटे हे ओळखायला तेच उपयोगी पडते.

तपासणी पाचवी: नमुना

इथून पुढे बाटली उघडावी लागते, म्हणून ही तपासणी उशिरा. मेथॅनॉल आणि सायक्लोहेक्झेन ही जोडी सुमारे ४५ ते ४६ अंशांच्या वर पूर्ण मिसळते. मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि थोडेसे पाणीही हे क्रांतिक तापमान वर ढकलते. गढूळ होण्याचे तापमान दर आठवड्याला थोडे थोडे वाढत असेल तर A पुन्हा बसवण्याच्या फंदात न पडता नवी, घट्ट बंद बाटली उघडून तेच मोजमाप पुन्हा करावे. हे दोन्ही द्रव ज्वलनशील आहेत आणि मेथॅनॉल विषारीही आहे. नळी तापवायची तर फ्यूम हूडखाली, पाण्याच्या कुंडातच, ज्योतीवर कधीही नाही.

तपासणी सहावी: एकच स्थिरांक पुरेसा आहे का

ही सर्वांत अवघड तपासणी, कारण इथे चूक आपली नसून प्रतिमानाची असते. हे प्रतिमान क्रांतिक संघटन, म्हणजे क्रांतिक तापमानाला दोन थर ज्या संघटनाला एकरूप होतात ते, नेहमी ०.५ च सांगणार. मेथॅनॉल आणि सायक्लोहेक्झेनचे ते सुमारे ०.५ च आहे, म्हणून ही जोडी प्रतिमानाला अनुकूल वाटते. तरीही क्रांतिक तापमानावरून W काढून २५ अंशांना गणित केले की दरी ०.२८५ ते ०.७१५ इतकी येते, आणि मोजलेली दरी याहून स्पष्टपणे रुंद असते. क्रांतिक बिंदूजवळ खरी दरी तापमानातील अंतराच्या सुमारे एक-तृतीयांश घाताने उघडते, आपले प्रतिमान ती वर्गमुळाने उघडते. स्थिरांक बदलून ही तफावत भरून निघत नाही.

फिनॉल आणि पाणी यांचे क्रांतिक तापमान सुमारे ६६ अंश आहे, पण त्या वेळी फिनॉलचे वजनी प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे मोलच्या हिशेबात केवळ ०.०९. सममित वक्रातून असे असमित उत्तर निघणे शक्य नाही. ट्रायएथिलअमाइन आणि पाणी तर तापवल्यावर फुटतात. स्थिर धन W घेतल्यास A तापमानाबरोबर फक्त घटतो, त्यामुळे तापवल्यावर फुटणारी जोडी या मांडणीत बसतच नाही; तिथे W ला तापमानाबरोबर वाढू द्यावे लागते, आणि मिसळताना उष्णता बाहेर पडते हे मोजून दाखवावे लागते.

कुठे थांबावे

पहिल्या चार तपासण्यांनंतरही क्रांतिक संघटन ०.५ पासून दूर दिसत असेल, तापवल्यावर थर पडत असतील, तिसरा घटक जाणूनबुजून मिसळलेला असेल किंवा A ची किंमत १.९ ते २.१ च्या दरम्यान अडकली असेल, तर एका स्थिरांकाशी झटापट थांबवावी. अशा मिश्रणासाठी दोन किंवा अधिक स्थिरांकांचे प्रतिमान लागते, आणि ते बसवण्यासाठी दोन्ही थरांचे नमुने काढून त्यांचे संघटन मोजणारी प्रयोगशाळा लागते. हे काम समतोलाच्या मोजमापांचा अनुभव असलेल्या ऊष्मागतिकी तज्ज्ञाकडे द्यावे. आणि या आकड्यावरून ऊर्ध्वपातनाचा स्तंभ, थर वेगळे करणारी टाकी किंवा ज्वलनशील द्रवाची साठवण ठरणार असेल, तर वरचे गणित अचूक जुळले तरीही प्रक्रिया अभियंत्याकडून मोजलेल्या आकड्यांवर तपासून घेतल्याशिवाय ते वापरू नये. तज्ज्ञाकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात: A कोणत्या तापमानाला आणि कोणत्या मोजमापांवरून काढला, संघटन मोलमध्ये आहे की वजनात, आणि नमुना गढूळ होण्याचे तापमान थंड करताना व तापवताना वेगवेगळे किती आले.